भूकंपात थांबायचं, आगीत निघायचं : पहिली ते चौथीच्या मुलांना न घाबरवता सराव कसा घ्यावा

विरार : शाळेत आपत्तीचा सराव म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. घंटा वाजते, मुलं आरडाओरडा करत मैदानात पळतात, फोटो निघतो आणि सराव संपतो. यात मुलं एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे काहीही झालं की पळायचं. आग लागली तर बाहेर निघणं बरोबरच आहे. पण जमीन हलत असताना तेच केलं तर जिवावर बेतू शकतं. लहान मुलांना नेमका हा फरक शिकवायचा असतो, आणि तोही त्यांच्या मनात भीती न बसवता.

पालघर जिल्ह्यासाठी हा विषय पुस्तकातला नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ रिश्टरचा होता. त्या दिवशी डहाणू तालुक्यात दोन वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या अंगावर घर पडलं नव्हतं. घाबरून बाहेर धावताना ती पडली आणि डोक्याला मार लागला. पुढे कित्येक कुटुंबांनी रात्री तंबूत काढल्या. इकडे विरारमध्ये २३ एप्रिल २०२१ ला विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण दगावले. ती चर्चा घराघरात झाली आणि मुलांच्या कानावरही गेली. मुलांना हे सगळं अर्धवट माहीत असतं. काय करायचं ते मात्र कोणी सांगितलेलं नसतं.

दोन इशारे वेगळे ठेवा

सरावातली पहिली चूक घंटेपासूनच होते. आग आणि भूकंप दोन्हींसाठी एकच घंटा वाजवली तर सहा वर्षांच्या पोराला फरक कळणार कसा?

आगीसाठी घंटा हवी, कारण एका खोलीतली आग दुसऱ्या खोलीतल्या मुलांना दिसत नाही. पण ही घंटा शाळा सुटायच्या घंटेसारखी वाजता कामा नये. सुटायची घंटा ऐकली की मुलं आधी दप्तर भरतात, डबा शोधतात. म्हणून आगीचा टोल वेगळा ठरवावा, जसं तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन ठोके. विजेच्या घंटेवर भरवसा ठेवू नये, कारण आगीत वीज जाते किंवा बंद करावी लागते. गावाकडच्या शाळेत टांगलेला लोखंडाचा तुकडा या कामाला उत्तम. मुलांना तो आवाज दोन-तीन वेळा नुसता ऐकवायचा आणि विचारायचं, "हा कसला टोल?"

भूकंपाला घंटा नसते. खऱ्या भूकंपात मुख्याध्यापक घंटेपर्यंत पोचेपर्यंत धक्का संपलेला असतो. तिथे जमिनीचं हलणं हाच इशारा. डहाणू-तलासरीत अनेकांनी धक्क्यासोबत गडगड आवाजही ऐकला आहे. म्हणून सरावात बाईंनी किंवा गुरुजींनी टेबलावर हातांनी थाप मारत म्हणायचं, "जमीन हलतेय, कासव व्हा!" कोणाच्या हुकमाची वाट पाहायची नाही, ज्याला हलल्यासारखं वाटेल त्याने लगेच कासव व्हायचं, हे मुलांना स्पष्ट सांगायचं.

कासव कसं व्हायचं

जगभर भूकंपासाठी तीन क्रिया शिकवतात : खाली बसा, डोकं झाका, घट्ट धरून ठेवा. पण त्या सांगताना सगळे टेबलाखाली शिरायला सांगतात. आपल्या कित्येक शाळांत पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर बसतात. तिथे टेबल एकच असतं, तेही गुरुजींचं.

बाक नसतील तर मुलाने गुडघ्यावर बसायचं, कपाळ गुडघ्यांकडे न्यायचं आणि दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाकायची. दप्तर हाताशी असेल तर ते डोक्यावर धरायचं. शोधायला मात्र उठायचं नाही. बाक असेल तर त्याखाली जाऊन एका हाताने पाय धरायचा, कारण धक्क्यात बाकही सरकतो. लहान मुलांसाठी यालाच "कासव" म्हणायचं. कासव पाठ वर करतं, डोकं आत घेतं आणि धोका जाईपर्यंत हलत नाही. हे त्यांना खेळ वाटतं आणि आठ दिवसांनी विचारलं तरी आठवतं.

कासव झाल्यावर सगळ्यांनी गुरुजींसोबत वीसपर्यंत आकडे मोजायचे. मोजण्यात मुलाचं लक्ष गुंततं, श्वास सावकाश होतो आणि आपला शिक्षक जवळ आहे हे आवाजावरून कळत राहतं. हलणं थांबलं नसेल तर पुन्हा एकपासून मोजायचं. थांबल्यावर शिक्षक "आता उठा" म्हणतील तेव्हाच उठायचं आणि ओळीने बाहेर जायचं, कारण मागून आणखी धक्के येऊ शकतात.

बसायची जागाही आधी बघून ठेवावी. काचेच्या खिडकीखाली, लोखंडी कपाटाशेजारी किंवा लटकत्या फळ्याखाली कोणी बसू नये. कपाट भिंतीला पट्टीने बांधून घेतलं तर तो धोका बराच कमी होतो.

खोली बघून नियम ठरवा

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "धक्का बसताना आत थांबा" हा नियम बऱ्यापैकी बांधलेल्या काँक्रीटच्या इमारतीसाठी आहे. विरार शहरात पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर भरणाऱ्या शाळांना तो पूर्ण लागू पडतो. तिथे हलताना जिन्यावर धावलं तर मुलं एकमेकांवर पडतात. लिफ्ट तर वापरायचीच नाही.

पण मातीत बांधलेल्या भिंती, वर जड कौलं आणि भिंतीला आधीच तडे, अशी तळमजल्याची खोली असेल तर गणित बदलतं. अशा खोलीत दारापाशी बसलेलं मूल चार पावलांत मोकळ्या अंगणात जाऊ शकत असेल तर त्याने बाहेर जाणं योग्य. जे आतल्या बाजूला आहेत त्यांनी मात्र दाराकडे झेपावू नये, दप्तर डोक्यावर धरून कासव व्हावं. हा निर्णय मुलावर सोडता येत नाही. सराव घेण्याआधी शिक्षकांनी, आणि शक्य असेल तर तालुक्याच्या बांधकाम अभियंत्याने, खोली बघून तो ठरवायचा आणि मुलांना त्यांच्या खोलीचा एकच नियम सांगायचा. "असं असेल तर हे, तसं असेल तर ते" अशी भाषा पहिलीतल्या मुलाला पेलत नाही. खोली फारच खराब असेल तर सरावाने तो प्रश्न सुटत नाही. तिथे वर्ग दुसरीकडे बसवणं हाच उपाय.

आणि "बाहेर" म्हणजे मोकळी जागा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या अंजार शहरात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली दीडशेहून अधिक मुलं गेली. ती कोणत्याही खोलीत नव्हती, अरुंद गल्लीत होती आणि दोन्ही बाजूंची घरं कोसळली. ही गोष्ट मुलांना सांगायची नाही. ती मोठ्यांनी जागा निवडताना लक्षात ठेवायची. मैदानातली जमायची जागा इमारत, कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि विजेच्या तारा यांपासून दूर हवी. गावातल्या शाळेत चिंचेखालीच जमायची सवय असते. पण झाडावरून तार जात असेल किंवा फांद्या वाळलेल्या असतील तर जागा बदलावी.

एका शाळेचा सराव : उदाहरण

समजा, विरार पूर्वेला पारोळ-भाताणे पट्ट्यातली दोन खोल्यांची शाळा आहे. पहिली ते चौथीची मिळून ४० मुलं आणि दोन शिक्षक. पुढे जाळीचा व्हरांडा, मागे पोषण आहाराची खोली आणि तिथे गॅसची शेगडी. तिथे आगीचा सराव कसा होईल ते पाहू.

पहिल्या दिवशी सराव घेऊच नये. शिक्षकांनी मुलांना घेऊन शाळेभोवती फेरी मारायची. दार कुठे उघडतं, कुठून मैदानात जाता येतं, आपली जागा कोणती, एवढंच दाखवायचं. या फेरीत मोठ्यांच्याही गोष्टी लक्षात येतात. जाळीच्या दाराचं एक पान कायम कडीबंद असतं. दुसऱ्या वाटेवर जुने बाक रचलेले असतात. आणि उंबऱ्यासमोर ४० जोड चपलांचा ढीग असतो.

हा ढीग साधा वाटतो, पण सरावात सगळ्यात आधी तोच आडवा येतो. पुढचं मूल आपली चप्पल शोधायला वाकतं, मागचं त्याच्यावर आपटतं आणि दार तुंबतं. म्हणून चपला दाराच्या एका बाजूला भिंतीलगत ओळीत ठेवायची सवय रोज लावायची. आगीचा टोल झाला की चप्पल, दप्तर, डबा काहीच घ्यायचं नाही. आई रागावणार नाही, हे मुलांना सांगावं लागतं, कारण दप्तर हरवल्याची भीती त्यांना आगीपेक्षा खरी वाटते.

दुसऱ्या दिवशी चालण्याचा सराव. टोल होतो. वाक्य एकच, "उभे राहा, ओळ करा, चला." पुढे शिक्षक, आणि मागे चौथीतला एखादा थोराड मुलगा किंवा मुलगी "शेपूट" म्हणून. शेपटाचं काम एकच : आपल्या पुढे सगळे आहेत हे बघत ओळीच्या शेवटी चालणं. मागे फिरून कोणाला शोधायचं नाही, ते काम शिक्षकांचं. शेवटी निघणाऱ्या शिक्षकाने खोलीत नजर टाकून दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. बंद दारामुळे धूर आणि आग पसरायला वेळ लागतो.

मैदानात पोचल्यावर हजेरीपट उघडून नावं घ्यायची. नुसती डोकी मोजून भागत नाही. ४० ऐवजी ३९ भरली तर कोण नाही ते लगेच कळलं पाहिजे. ते मूल शौचालयात होतं का? म्हणून शौचालयात असताना टोल ऐकला तर वर्गात परत न येता सरळ मैदानात यायचं, हेही शिकवायचं.

याच टप्प्यावर आणखी एक अडचण हमखास दिसते. तिसरीतली ताई पहिलीतल्या भावाला शोधायला ओळ सोडून पळते. तिची चूक नसते, घरी तिला तेच सांगितलेलं असतं. तिला आधीच सांगून ठेवायचं, "तुझ्या भावाला त्याचे गुरुजी आणतात. तुमची भेट मैदानातच होणार." आणि सरावात हजेरी संपल्यावर भावंडांना खरोखर भेटू द्यायचं. एकदा अनुभव आला की पुढच्या वेळी ती ओळ सोडत नाही.

पहिल्या वेळी लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा, मुलांसमोर "किती हळू" म्हणू नये. वेळ कमी करायचा तर मुलांना पळवायचं नसतं, वाट मोकळी करायची असते. कडी काढली, बाक हलवले, चपला बाजूला केल्या की चालत निघूनही वेळ आपोआप कमी होतो.

तिसऱ्या दिवशी धुराचा धडा. धूर वर चढतो, खाली हवा त्यामानाने बरी असते. दोन मोठ्या मुलांनी कंबरेच्या उंचीवर चादर धरायची, तो "धुराचा ढग", आणि बाकीच्यांनी ढगाला डोकं न लावता खालून रांगत जायचं. कपड्यांना आग लागली तर पळायचं नाही. थांबायचं, खाली पडायचं, तोंड हातांनी झाकून लोळायचं. हे सतरंजीवर करून घ्यायचं. खरा धूर, पेटवलेला कचरा, फटाके यातलं काहीही वापरायचं नाही.

आग विझवणं मुलांचं काम नाही. सिलेंडर बंद करणं, लाल नळकांडं वापरणं, १०१ किंवा ११२ ला फोन करणं हे मोठ्यांनी करायचं. आगीचा बंब विरारहून आत गावात यायला वेळ लागतो, म्हणून तो येईपर्यंत मुलं बाहेर असणं हेच खरं काम. तामिळनाडूतल्या कुंभकोणम इथे १६ जुलै २००४ ला शाळेच्या स्वयंपाकाच्या ठिकाणची आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या सुरक्षेबाबत निर्देश दिले. पोषण आहाराच्या खोलीपासून वर्गाची वाट किती दूर आहे, हे शाळा व्यवस्थापन समितीने स्वतः उभं राहून बघावं.

भीती कुठून येते

मुलं सरावाला घाबरत नाहीत, अचानकपणाला घाबरतात. आणि मोठ्यांचा घाबरलेला आवाज त्यांना लगेच लागतो. म्हणून पहिली ते चौथीसाठी सराव कधीही न सांगता घेऊ नये. आदल्या दिवशी सांगावं, सकाळी पुन्हा सांगावं, "आज दुपारच्या सुट्टीआधी आपण कासवाचा खेळ करणार आहोत. हा सराव आहे."

जपानमध्ये मुलांना चार गोष्टी पाठ असतात : ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या मोठ्या भूकंपाच्या आठवणीत तिथे दर १ सप्टेंबरला सराव होतात. तिथल्या मुलांसाठी तो नेहमीचाच एक दिवस. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनाही असंच आढळलं, की शाळेत आपत्तीबद्दल शिकलेल्या मुलांची भीती वाढली नाही, उलट कमी झाली.

बोलताना शब्द जपून वापरावेत. "नीट केलं नाही तर मरशील" हे वाक्य शाळेतही नको आणि घरीही नको. "काहीच होणार नाही" असं खोटं वचनही देऊ नये, कारण धक्का बसला की मुलाचा विश्वास उडतो. त्यापेक्षा खरं आणि साधं सांगावं, "जमीन कधी कधी हलते. बहुतेक वेळा थोडीच हलते आणि थांबते. तेव्हा काय करायचं ते आपल्याला येतं."

एखादं मूल रडलं तर त्याला ओळीत ढकलू नये. त्याला शिक्षकांच्या शेजारी बसवून इतरांचा सराव बघू द्यावा. पुढच्या वेळी टोल वाजवायचं काम त्यालाच द्यावं. आवाज आपल्याच हातून होतो म्हटल्यावर त्याची धास्ती कमी होते. सराव संपला की लगेच सुट्टी न देता वर्गात येऊन पाच मिनिटं बोलावं. काय जमलं, काय अवघड गेलं, कोणाला काय विचारायचंय? मग नेहमीचा पाठ सुरू करावा. रोजचं काम पुन्हा सुरू झालं की मुलाला कळतं, सगळं ठीक आहे.

घरी काय करायचं

सरावाच्या आदल्या दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप जाणं गरजेचं आहे. नाहीतर टोल ऐकून बापमंडळी शेतातून धावत येतात, आणि त्यांची धावपळ बघून मुलं खरोखर घाबरतात. प्रत्यक्ष घटना घडली तरी मूल परस्पर उचलून नेऊ नये. शिक्षकांना सांगून, हजेरीवर खूण करून न्यावं. नाहीतर घरी पोचलेल्या मुलाला लोक ढिगाऱ्यात शोधत बसतात.

"आज रात्री मोठा भूकंप येणार" असे मेसेज मुलांसमोर वाचू नयेत आणि पुढेही पाठवू नयेत. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगता येईल अशी पद्धत आजवर कोणाकडेही नाही. खरी माहिती हवी असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

सरावानंतर एक-दोन दिवस मुलं तेच तेच प्रश्न विचारतात, खेळात कासव होतात. ते चांगलं लक्षण आहे. पण मूल शाळेत जायला नको म्हणू लागलं, रात्री दचकून उठू लागलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं आणि हे दोन-तीन आठवडे चालू राहिलं, तर शिक्षकांना सांगावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. पुढचा सराव अशा मुलासाठी आणखी सौम्य करावा लागेल.

सराव जमला की नाही हे तपासायची सोपी रीत घरीच आहे. आठ-दहा दिवसांनी जेवताना मुलाला विचारा, "जमीन हलली तर काय करशील? आणि आगीचा टोल झाला तर?" पहिल्याला "कासव" आणि दुसऱ्याला "ओळीत बाहेर" अशी दोन वेगळी उत्तरं आली तर शिकवणं पोचलं. दोन्हींना "पळणार" म्हणालं, तर शाळेत जाऊन गुरुजींना सांगा. सराव पुन्हा घ्यायची वेळ झाली आहे.